मैत्रीची कादंबरी मधेच का ढेपाळते

"ताई, माझ्या कादंबरीत दोन मैत्रिणी आहेत, सुनंदा आणि रेश्मा. ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका पॅकिंग युनिटमध्ये २००३ साली भेटतात. पुढे रेश्मा कॉम्प्युटर शिकून नवी मुंबईत महापेला नोकरीला लागते, सुनंदा किसन नगरमध्येच राहून डबे करते. त्यांच्या मैत्रीवरच अख्खी कादंबरी उभी करायचीय. पहिले आठ चॅप्टर सगळ्यांना आवडले, पण नवव्यापासून 'पुढे काय?' असं वाटतच नाही म्हणतात. एकीने सुचवलं की रेश्माला ऑफिसमधलं एक लफडं दे, म्हणजे गोष्ट पळेल. काय करू? प्रेमकथेत जो ताण असतो तो मैत्रीत आणता येतो का?"

लफडं एवढ्यात देऊ नका. ते दिलंत की गोष्ट पळेल हे खरंय, पण ती रेश्माची आणि त्या ऑफिसातल्या माणसाची गोष्ट म्हणून पळेल आणि सुनंदा हळूहळू जिच्यापाशी येऊन रडायचं अशी बाई होऊन बसेल. हस्तलिखितं वाचायचंच काम करते मी, आणि मैत्रीवर सुरू झालेल्या कादंबऱ्या अर्ध्यावर नेमक्या याच रस्त्याने दुसरीकडे जाताना खूप बघितल्यात. तुमची अडचण ताण कमी पडण्याची नाहीये. तुम्ही नकळत प्रेमकथेचा सांगाडा वापरताय आणि तो सांगाडा मैत्रीला आठ चॅप्टरच पुरतो, अडचण ती आहे.

म्हणजे कसं ते सांगते. प्रेमकथेला एक प्रश्न आयता मिळतो, ही दोघं एकत्र येणार का. आणि त्या प्रश्नाचा शेवट कसा दिसतो हे वाचकाला आधीपासून माहीत असतं, कारण समाजाने तो ठरवून ठेवलाय. होकार, साखरपुडा, लग्न, नाहीतर ताटातूट. त्यामुळे मधला कुठलाही सीन वाचताना वाचक मनातल्या मनात मोजत असतो, आता जवळ आले, आता लांब गेले. घरच्यांचा विरोध, जात, पैसा, तिसरं माणूस, काहीही घाला, ते या एका अंतरावर मोजलं जातं. लेखकाला वेगळं काही करावं लागत नाही. आता तुमच्या कादंबरीत बघा. पहिल्या आठ चॅप्टरांत तुम्ही हेच केलंय. सुनंदा अबोल, रेश्मा तोंडाळ, दोघींचं पहिल्या दिवशी टेपच्या रोलवरून वाजतं, मग सुपरवायझर रेश्माचा अर्धा दिवस कापतो तेव्हा सुनंदा पुढे होऊन बोलते, मग एकत्र डबा, एकत्र टीएमटीच्या बसची लाइन, आणि आठव्या चॅप्टरला त्या पक्क्या मैत्रिणी झाल्या. 'होणार का' या प्रश्नाचं उत्तर मिळालं! वाचक तिथेच सुटला, त्याला धरून ठेवणारं दुसरं काही तुम्ही त्याच्या हातात दिलेलं नाही.

यावर बहुतेक जण म्हणतात की मग पुढचा प्रश्न 'मैत्री टिकणार का' हा ठेवू. हा प्रश्न पण कमजोर आहे आणि त्याचं कारण नीट समजून घ्या. लग्न मोडतं तेव्हा काहीतरी घडावं लागतं. कुणीतरी घर सोडतं, वकील येतो, नातेवाईक बैठक घेतात, म्हणजे सीन आपोआप तयार होतात. मैत्री मात्र काहीही न घडता संपू शकते. फोन करायचा राहून जातो, मग आता एवढ्या दिवसांनी कसा करायचा म्हणून आणखी राहतो, आणि संपलं. मैत्रीला कुठली नोंदणी नाही, मोडल्याचा कागद नाही, हॉस्पिटलच्या फॉर्मवर सही करायला मैत्रिणीला कुणी आधी बोलवत नाही. त्यामुळे 'टिकणार का' याचं उत्तर 'नाही' असलं तरी ते तुम्हाला दाखवता येत नाही, नुसतं सांगावं लागतं, आणि तुमच्या नवव्यापासून सोळाव्या चॅप्टरपर्यंत तेच झालंय. "हळूहळू भेटी कमी होत गेल्या." हे वाक्य तुम्ही शब्द बदलून बदलून परत परत लिहिलंय.

तर मग मैत्रीच्या कादंबरीत वाचक कशाची वाट बघतो? माझं उत्तर असं की मैत्रीण ही साक्षीदार असते आणि वाचक त्या साक्षीची वाट बघतो. नवऱ्याला, सासरला, मुलांना तुम्ही जी माहीत असता ती बरीचशी तुम्ही घडवून दाखवलेली असता. मैत्रिणीने तुम्हाला त्याच्या आधी बघितलेलं असतं, किंवा त्याच्या मागे बघितलेलं असतं. तिच्याकडे तुमचा खरा हिशोब असतो, तुम्ही कुठून आलात, कुणाच्या जिवावर आलात, त्या रात्री काय म्हणाला होतात. जोवर दोघी एकाच जागी उभ्या आहेत तोवर ही साक्ष सुखाची असते. एकजण पुढे गेली, किंवा बदलली, किंवा तिने स्वतःबद्दल जगाला वेगळी गोष्ट सांगायला सुरुवात केली, की तीच साक्ष अडचणीची होते. तिथून प्लॉट सुरू होतो. एकीला आपली जुनी गोष्ट बदलून हवीय आणि खरी गोष्ट फक्त दुसरीकडे आहे, ती काय करेल? बोलेल, गप्प बसेल, की तिच्यासाठी खोटी साक्ष देईल? या प्रश्नाला सीन आहेत, चढउतार आहेत आणि शेवटही आहे.

आणि तुमच्या ड्राफ्टमध्ये हे सगळं आधीच आहे, तुम्ही ते पाचव्या चॅप्टरला वातावरणासाठी म्हणून घालून सोडून दिलंत. तो भिशीचा सीन. दहा बायका, महिन्याला पाचशे, पाच हजारांची भिशी, पहिला नंबर चालवणाऱ्या बाईचा आणि बाकीच्या चिठ्ठ्या. सुनंदाला दुसरा नंबर लागतो, रेश्माला नववा. रेश्माच्या कोर्सची फी भरायची शेवटची तारीख त्याच महिन्यात असते म्हणून सुनंदा तिच्याशी नंबर बदलते. तुम्ही एवढंच लिहिलंय आणि पुढे गेलात. मी तिथे पेन्सिलने गोल करून ठेवलाय, कारण कादंबरीचा कणा तोच आहे.

आता त्यात एकच गोष्ट घाला. सुनंदाला ते पाच हजार कशाला हवे होते? ती सासूच्या खोलीत सहाजणांत राहतेय, वेगळ्या खोलीचं डिपॉझिट जवळजवळ जमलंय, तेवढे पाच हजारच कमी आहेत. नंबर बदलल्यावर तिला रक्कम तीच मिळते, एक रुपया कमी नाही, पण सात महिने उशिरा, आणि तोवर ती खोली दुसऱ्या कुणी घेतलेली असते, भाडंही चढलेलं असतं. ती हे रेश्माला सांगत नाही. त्यागबिग म्हणून नाही हं, तिला तेव्हा खरंच वाटतं की सात महिन्यांनी काय बिघडतंय. वाचकाला मात्र हे तिथेच, पाचव्या चॅप्टरला कळू द्या. रेश्माला ते बावीसाव्या चॅप्टरपर्यंत कळू देऊ नका. रहस्य म्हणून दडवून शेवटी वाचकाला धक्का द्यायचा मोह होईल, तो टाळा. धक्का एकदाच बसतो, आणि वाचकाला आधीपासून माहीत असेल तर पुढचा प्रत्येक सीन त्या माहितीवरून वाचला जातो. रेश्मा सहज म्हणते, "अगं तू अजून त्या खोलीत कशी राहतेस गं, घे ना दुसरी," आणि वाचकाच्या पोटात कळ येते. या वाक्यात रेश्मा वाईट नाही, कुणीच वाईट नाही, आणि तरी ताण आहे. मैत्रीतला ताण बहुतेक वेळा असाच असतो, एकीला माहीत असलेलं आणि दुसरीला नसलेलं.

आता मधल्या चॅप्टरांकडे येऊ, म्हणजे नऊ ते सोळा. त्यांत एक खूण मला सगळीकडे दिसली. प्रत्येक सीनमध्ये दोघी बसलेल्या आहेत. तलावपाळीला बसून बोलतात, स्टेशनवर बाकावर बसून बोलतात, सुनंदाच्या खोलीत चहा पीत बोलतात, आणि बोलतात काय तर दुसरीकडे घडून गेलेलं. रेश्माला प्रमोशन मिळालं ते ती येऊन सांगते, सुनंदाच्या नवऱ्याचं काम सुटलं ते ती सांगते, दोघी एकमेकींना धीर देतात, उठतात. अशा सीनची परीक्षा सोपी आहे. त्यातून एका मैत्रिणीला काढून तिथे बहीण किंवा शेजारीण ठेवून बघा. सीन तसाच राहिला तर तो मैत्रीचा सीन नाहीये, तो बातम्यांचा सीन आहे. माझ्या अंदाजाने आठ चॅप्टरांतले सहा असे निघतील. ते सुधारत बसू नका, त्यातल्या बातम्या दोनतीन पानांत सरळ निवेदनात सांगून टाका आणि वर्षं उडवा.

वर्षं उडवायला घाबरू नका, मैत्रीच्या कादंबरीला ते मानवतं. प्रेमकथेत मधली दहा वर्षं उडवलीत तर वाचक चिडतो, कारण त्याला ते अंतर कमीजास्त होताना बघायचंच असतं. मैत्रीत उडवलेली वर्षं हीच घटना असते. टोनी मॉरिसनच्या १९७३ सालच्या 'सुला' या कादंबरीत चॅप्टरांची नावंच वर्षांची आहेत, आणि १९२७ च्या चॅप्टरला नेलचं लग्न होतं, तिची मैत्रीण सुला गाव सोडून जाते, आणि पान उलटलं की थेट १९३७. मधल्या दहा वर्षांत काय झालं हे कमीच कळतं पण दोघी परत समोरासमोर आल्यावर ती दहा वर्षं त्यांच्यामध्ये उभी असतात. तुमच्याकडे तर हे दाखवायला गावच आहे. २००४ च्या नोव्हेंबरात ठाणे ते वाशी लोकल सुरू झाली, ती रेश्माची गाडी आहे, त्या गाडीमुळे ती महापेला जाऊ शकली. आणि इकडे वागळे इस्टेटच्या कंपन्या बंद होऊन त्याच प्लॉटवर काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या, त्या सुनंदाच्या डब्याची गिऱ्हाइकं झाल्या. जिथे त्या दोघी टेप मारत उभ्या राहायच्या तिथेच आता ती सिक्युरिटीला नाव सांगून, वहीत सही करून डबे आत पाठवते. हे एका परिच्छेदात येतं आणि दहा वर्षं जातात.

उडवून उरलेल्या जागेत मग दोनच मोठे सीन ठेवा, पण त्यांत साक्ष पणाला लागू दे. पहिला मी असा लिहीन. २०१७ चा जानेवारी, रेश्माने ऐरोलीला फ्लॅट घेतलाय, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय, सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या मिळून तीसेक बायका. ती सुनंदाला दोन गोष्टींसाठी फोन करते आणि त्या दोन गोष्टी एकाच वाक्यात म्हणते, "तू तर येच, आणि हो, पाटवड्या आणि मसालेभात तूच कर, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, पैसे घ्यायचे हां." बघा, प्रेमानेच म्हणतेय. सुनंदा पाहुणी आहे की ऑर्डरवाली आहे हे दोघींनी ठरवलेलं नाही. मग सुनंदा दुपारीच दोन मोठे डबे घेऊन ठाण्याहून निघते, ऐरोलीला उतरून रिक्षा करते, ठेवणीतली साडी पिशवीत वेगळी घेतलीय. किचनमध्ये साडी बदलायला जागा विचारते. बायका यायला लागतात. कुणीतरी विचारतं, या कोण? आणि रेश्मा म्हणते, "ह्या सुनंदाताई, ठाण्याच्या, ह्यांचा डबा एकदा लावून बघा." चौदा वर्षं गायब. पॅकिंग युनिट गायब. कारण रेश्माने या बायकांना कधी सांगितलंच नाहीये की ती पॅकिंगमध्ये होती, तिची इथली गोष्ट थेट कॉम्प्युटरपासून सुरू होते.

आता सगळे डोळे सुनंदाकडे. हा क्षण म्हणजे तुमच्या कादंबरीचा मध्य. प्रेमकथेच्या मध्याला जसं एखादं पहिलं चुंबन किंवा पहिला नकार असतो तसा इथे हा. ती म्हणू शकते, "अगं आम्ही एकत्र कामाला होतो." पण ती म्हणते, "हो, घेते मी ऑर्डर, शंभर माणसांपर्यंत." तिने खोटी साक्ष दिली. मैत्रिणीसाठी दिली, प्रेमाने दिली, आणि त्याच क्षणी काहीतरी मोडलं. बाहेरून कुणालाच काही दिसलं नाही, उलट दोन ऑर्डरी मिळाल्या.

इथेच प्रेमकथेहून मोठा फरक येतो आणि तो तुमच्या पुढच्या सगळ्या सीनला पुरेल. प्रेमात फसवणूक झाली तर विचारायचा हक्क असतो. का केलंस, कोण आहे ती, मला उत्तर पाहिजे. नियम ठरलेला असतो आणि तो मोडलेला असतो. मैत्रीत नियमच कुणी ठरवलेला नसतो. रेश्माने कुठला नियम मोडला? आमंत्रण दिलं, काम दिलं, पैसे दिले, चारचौघींत कौतुक केलं. सुनंदा रागवणार कशावर? तिच्यापाशी तक्रारीला शब्दच नाहीत, स्वतःलासुद्धा ती हे 'मला वाईट वाटलं' याच्या पुढे सांगू शकत नाही, आणि वाईट वाटून घेतल्याबद्दल तिला स्वतःचीच लाज वाटते. म्हणून मैत्रीतली भांडणं भलत्याच गोष्टीवरून होतात. तुमच्या पंधराव्या चॅप्टरमध्ये दोघी भांडताना "तू बदललीस" "तू समजूनच घेत नाहीस" असं बोलतात, ते काढा. तसं कुणी बोलू शकत असतं तर भांडण लागलंच नसतं. भांडण डब्यांवरून होऊ दे. मोठा स्टीलचा डबा रेश्माकडे राहिलाय, सुनंदा तीनदा आठवण करते, रेश्मा विसरते, चौथ्यांदा म्हणते, "अगं नवीन घेऊन देते ना तुला," आणि सुनंदा इतकी भडकते की तिचं तिलाच कळत नाही. वाचकाला मात्र कळतं.

अंतर दाखवायची आणखी एक युक्ती, मी ती सगळ्यांना सांगते. दोघींसाठी एक यादी करा, पहिला फोन कुणाला. २००५ मध्ये सुनंदाचा मुलगा आजारी पडतो, पहिला फोन रेश्माला, तेही कोपऱ्यावरच्या पीसीओवरून, सुटे पैसे मागून. हळदीकुंकवानंतर त्याच मुलाचा दहावीचा निकाल लागतो, ती आधी खालच्या मजल्यावरच्या बाईला सांगते, मग भावाला, आणि रेश्माला संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर टाकते. "भेटी कमी होत गेल्या" हे वाक्य न लिहिता ते लिहून झालं. आणि रेश्माला जेव्हा लक्षात येतं की निकाल दुपारी एकला लागला होता आणि मेसेज साडेसातला आला, तेव्हा तिच्या बाजूने पण एक जखम झाली, तिलासुद्धा त्याबद्दल बोलायला हक्क नाही.

यावरून नजरेचा प्रश्न येतो, कोणाच्या डोळ्यांनी सांगायचं. हल्ली प्रेमकथा बरेचदा एक चॅप्टर ती एक चॅप्टर तो अशी लिहितात, तुम्हीही तसंच एकाआड एक केलंय आणि त्यामुळे कुणाच्याच मनातलं झाकलेलं राहत नाही. मी सुचवेन की भिशीपर्यंत सुनंदा, पण हळदीकुंकू रेश्माच्या डोळ्यांनी लिहा. सुनंदाकडून लिहिलंत तर तो अपमानाचा सीन होईल, वाचक रेश्माला झटकून टाकेल आणि कादंबरी गरीब चांगली, श्रीमंत वाईट अशी सपाट होईल. रेश्माकडून लिहिलंत तर "ठाण्याच्या" हा शब्द तोंडातून निघताना तिला काय होतं ते आत जाऊन लिहिता येईल, ती आधीपासून घाबरलेली आहे, सकाळपासून विचार करतेय की सुनंदा काय बोलून जाईल, आणि सुनंदा तिला सांभाळून घेते तेव्हा तिला हायसं वाटतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच शरम वाटते. एलेना फेरान्तेच्या नेपल्सच्या चार कादंबऱ्यांत (इटालियनमध्ये २०११ ते २०१४) तर सगळंच एकीच्या तोंडून आहे. दोन मैत्रिणींतली लिला स्वतःला पुसून टाकून नाहीशी होते आणि दुसरी, तिचंही नाव एलेनाच, रागाने तिची सगळी हकीकत लिहायला बसते. म्हणजे जिला नोंद नकोय तिची साक्ष मैत्रीण देते. तिथे लिलाच्या मनात आपण थेट कधीच जात नाही आणि चार खंड त्यावर तरतात. तुम्ही एकीवरच राहा असं मी म्हणत नाही, पण ज्या सीनमध्ये जिने दुखावलं तिच्या आत राहा, दुखावलेलीच्या नाही.

आता लफड्याचं. मैत्रीच्या कादंबरीत पुरुष आणायलाच नको असं अजिबात नाही. 'सुला'मध्ये तर सुला नेलच्या नवऱ्यासोबतच झोपते, याहून मोठं लफडं काय असणार? तरीही ती मैत्रीची कादंबरी राहते कारण मॉरिसनबाईंनी नुकसान कशाचं झालं हे शेवटी उलटं केलंय. नवरा निघून जातो आणि नेल कितीतरी वर्षं समजत राहते की मी त्याच्यासाठी झुरतेय. सुला वारल्यानंतर खूप वर्षांनी, १९६५ च्या चॅप्टरमध्ये, तिच्या थडग्याला जाऊन परतताना तिला कळतं की इतके दिवस आठवण येत होती ती सुलाची. म्हणजे पुरुष येऊन गेला पण त्याने जे नेलं ते मैत्रिणीच्या नात्यावर मोजलं गेलं. तुम्हाला लफडं घालायचंच असेल तर हीच कसोटी लावा. रेश्माचं ऑफिसमधलं प्रकरण लागलं काय आणि तुटलं काय, त्याने सुनंदा आणि रेश्मा यांच्यातला हिशोब हलला पाहिजे. मला तुमच्या ड्राफ्टमध्ये तशी जागा दिसली नाही, म्हणून नको म्हणाले.

एक गोष्ट जाताजाता पण महत्त्वाची. तिसऱ्या आणि सातव्या चॅप्टरमध्ये तुम्ही दोघींच्या जवळिकीसाठी प्रेमकथेची भाषा वापरलीय, नजरानजर, काळीज धडधडणं, हात लागल्यावर शहारा. ती भाषा वाचकाला एक वचन देते. दोन बायकांमधलं प्रेम लिहायचं असेल तर मोकळेपणाने, पूर्ण लिहा, ती सुंदर कादंबरी होईल पण ती वेगळी कादंबरी आहे आणि तिचा प्रश्न 'एकत्र येणार का' हाच असेल. मैत्री लिहायची असेल तर तिची जवळीक वेगळ्या गोष्टींत दिसते. न विचारता दुसरीच्या डब्यातली चटणी घेणं, तिच्या पाळीची तारीख माहीत असणं, लेडीज डब्यात गर्दीत पाठीला पाठ लावून झोपणं, तिच्या सासूची नक्कल तिच्यापेक्षा चांगली करता येणं. असले तपशील तुमच्याकडे भरपूर आहेत, चौथा चॅप्टर तर त्यांनी नुसता चमकतोय, म्हणजे उसनी भाषा आणायची गरजच नव्हती.

शेवटाबद्दल. प्रेमकथेचा शेवट कबुलीत असतो, कुणीतरी कुणालातरी म्हणतं आणि दुसरं हो म्हणतं. तुम्ही पण तेच केलंय, चोविसाव्या चॅप्टरला दोघी मिठी मारून माफी मागतात. मला ते पटलं नाही, कारण माफीने त्यांच्यातली कुठलीच गोष्ट सुटत नाही. त्याऐवजी हिशोब पुढे न्या. बावीसाव्या चॅप्टरला रेश्माला दुसऱ्याच कुणाकडून, भिशी चालवणाऱ्या त्या जुन्या बाईकडून, खोलीचं कळतं. ती हादरते आणि तिला सुचतं ते करते, पाकिटात पाच हजार घालून किसन नगरला येते. ती परतफेड करायला आलीय, मनापासून आलीय, आणि सुनंदाला याच्याइतकं काहीच लागलेलं नाही. कारण पैसे परत घेतले की हिशोब मिटला, मग त्या दोघींमध्ये काय उरलं? सुनंदा पाकीट घेत नाही. इथे रेश्मा कितीही छान बोलली तरी चालणार नाही, बोलण्याने सुटण्यासारखं हे नाहीच. रेश्मा पाकीट उचलून परत जाते.

आणि मग साक्ष परत मागितली जाते, या वेळी खरी. रेश्माची मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, तिला महागडा कोर्स करायचाय, आणि रेश्मा तिला तेच ऐकवतेय जे ती सगळ्यांना ऐकवत आली, "मी कुणाच्या एका पैशाची मदत न घेता शिकले, तू पण शीक." मुलगी चिडून ठाण्याला सुनंदामावशीकडे येते. सुनंदा डबे भरतेय. मुलगी विचारते, "मावशी, खरं सांग, आईने तेव्हा फी कशी भरली होती?" इथे सुनंदाकडे दोनच रस्ते आहेत. खरं सांगितलं तर मुलीच्या नजरेतली रेश्मा कायमची बदलेल. परत खोटं सांगितलं तर सुनंदा स्वतःला स्वतःच्याच आयुष्यातून पुसेल, दुसऱ्यांदा. दोन्ही रस्त्यांनी कादंबरी पूर्ण होते आणि दोन्ही रस्ते अर्थपूर्ण आहेत. कुठला घ्यायचा ते मी सांगणार नाही, ते तुमच्या सुनंदावर आहे आणि ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त तिने दिलेलं उत्तर रेश्मापर्यंत पोचलं पाहिजे, मुलीच्या वागण्यातून पोचू दे, आणि रेश्माने त्यावर एक कृती केली पाहिजे. बोलून नाही. म्हणजे समजा ती दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता वागळेला उतरली आणि गेटवर डबे आत नेणाऱ्या बाईच्या शेजारी उभी राहून सिक्युरिटीच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. हे एक उदाहरण, तुम्हाला याहून चांगलं सापडेल.

याला मर्यादा पण आहेत. हा साक्षीचा सांगाडा लांब काळाच्या कादंबरीला चालतो, जिथे एकीचं आयुष्य दुसरीपेक्षा वेगाने बदलतं. दोन मैत्रिणींच्या चार दिवसांच्या प्रवासाची गोष्ट असती तर मी हे काहीच सांगितलं नसतं, तिथे साक्ष जमायलाच वेळ नसतो. आणि दोघींचे नवरे यात खलनायक करू नका. नवरा वाईट निघाला की मैत्रीण म्हणजे आधार एवढंच उरतं आणि वाचक सुटकेची वाट बघायला लागतो. सुनंदाचा नवरा बरा माणूस असू दे. त्याला बायकोची मैत्रीण आवडते, तोच पाकिटाच्या सीननंतर म्हणतो की घ्यायचे होतेस ना पैसे, आपलेच होते. त्याला काही कळलेलं नाही, आणि का कळलेलं नाही हे सुनंदाला सांगता येत नाही.

कामाला लागताना क्रमाने पुन्हा लिहू नका. आधी हळदीकुंकू लिहा, रेश्माकडून, दहाबारा पानं. ते जमलं की भिशीच्या सीनमध्ये किती पेरायचं ते तुम्हाला आपोआप कळेल, कारण हळदीकुंकवाला जे लागतं तेवढंच तिथे हवं. मग पाकिटाचा सीन. हे तीन उभे राहिले की नऊ ते सोळा उघडा आणि त्यातलं जे या तीनपैकी एकाही सीनला लागत नाही ते वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवा, डिलीट करू नका, त्यातले पीसीओचे आणि लोकलचे तुकडे फार चांगले आहेत, ते निवेदनात कुठेतरी परत बसतील.